काजळीचे स्टिकर आणि साठे काकांचं कव्हर

साठे काका (बी-४०२): हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. सकाळपासून मांजराचे चौकोनी फोटो येताहेत. कृपया थांबवा. आणि माझ्या गाडीच्या कव्हरचं काय झालं?

देशपांडे काकू (ए-२०३): चौकोन नाहीत हो, स्टिकर आहेत. मलाच जमत नाहीयेत. ऋचा, बघ गं जरा. मागचं सगळं काढलं तरी पांढरा चौकोन येतोच आहे.

ऋचा (ए-३०१): काकू, कापलेला फोटो जेपीजीत सेव्ह झालाय. त्यात पारदर्शक भाग टिकतच नाही. पीएनजी करा. आणि मूळ फोटो मला डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की दाबला जातो आणि काजळीची लव सगळी धुरकट होते.

मोहिते (सेक्रेटरी): नम्र विनंती, ही चर्चा खासगीत करावी. बाकी काजळी गोड आलीये.

साठे काका (बी-४०२): गोडच आहे. माझ्या कव्हरला नखांनी भोकं पाडलीत.

ऋचा (ए-३०१): काकू, जांभईचा फोटो आला. आपोआप कापायला दिला तर पोटाखाली राखाडी तुकडा राहतोय. काळी मांजर गडद कापडावर बसली की अ‍ॅपला कड कळत नाही. फोटो मोठा करून खोडरबराने हातानेच काढते. पुढच्या पायांमधली फटही तशीच राहिलीये.

साठे काका (बी-४०२): थांबा. तो राखाडी तुकडा म्हणजे माझं कव्हर आहे. चंदेरी शिवण स्पष्ट दिसतेय!!

अथर्व (बी-१०४): काका, पुरावा सापडला 😂

देशपांडे काकू (ए-२०३): शिवण सगळ्याच कव्हरांना असते. ऋचा, मिशा ठेव हं.

ऋचा (ए-३०१): कडेबाहेरच्या जाऊ द्यात काकू. एकेक मिशी कापून तिला बॉर्डर दिली की चेहऱ्यातून शेवया निघाल्यासारखं दिसतं. गालावरच्या राहतील.

प्रज्ञा वहिनी (ए-१०२): बॉर्डर हवीच का? मला तर बिनबॉर्डरचा आवडला.

अथर्व (बी-१०४): वहिनी, डार्क मोड लावून बघा. नुसते दोन पिवळे डोळे आणि एक दात 😂

ऋचा (ए-३०१): तेच. पांढरी बॉर्डर ८ पिक्सेल पुरते. आधी कड एक-दोन पिक्सेल आत घ्यायची, मग बॉर्डर. उलट केलं की पांढऱ्याच्या आत कव्हरची राखाडी रेघ उरते.

साठे काका (बी-४०२): म्हणजे कव्हर माझंच होतं हे मान्य झालं. मोहिते, नोंद घ्या.

मोहिते (सेक्रेटरी): बैठकीत घेऊ. ऋचा, 'मेंटेनन्स भरा' असा एक होईल का?

देशपांडे काकू (ए-२०३): खासगीत विचारा ना, मोहिते 🙏 ऋचा, बाल्कनीतला पूर्ण बसलेला फोटो घे, शेपूट छान आहे त्यात.

ऋचा (ए-३०१): शेपटीसकट घेतलं तर तोंड वाटाण्याएवढं होईल. फक्त मान आणि डोकं घेते. काळ्या तोंडावर भाव डोळे-कानांवरूनच कळतो, म्हणून सावलीचा भाग थोडा उजळलाय, नाहीतर नाक गायब. जांभईचा स्टिकर लहान दिसला की खदाखदा हसल्यासारखा वाटतो. त्याला 'हाहा' देऊ. बाल्कनीतला अर्धवट डोळ्यांचा आहे, त्याला 'बघतो, करतो'.

प्रज्ञा वहिनी (ए-१०२): हा तर कमिटीचा अधिकृत स्टिकर 😄

मोहिते (सेक्रेटरी): वैयक्तिक टीका टाळावी.

देशपांडे काकू (ए-२०३): ऋचा, मी स्वतः एक केला तर अ‍ॅप घेईना. फाइल मोठी म्हणतंय.

ऋचा (ए-३०१): किती केबी?

देशपांडे काकू (ए-२०३): २३८. मग मी फोटोच लहान केला. तरी घेत नाही.

ऋचा (ए-३०१): चित्र ५१२ बाय ५१२ च लागतं काकू, ते लहान नाही करायचं. केसाळ अंगाचा पीएनजी जड होतो. तोच .webp करून क्वालिटी ८० ला आणली, ६४ केबी झाला. साध्या स्टिकरला १०० च्या आत हवं. कान कडेला चिकटले होते, चारी बाजूंनी १६ पिक्सेल मोकळे सोडलेत.

अथर्व (बी-१०४): शेपटी हलवतानाचा व्हिडिओ आहे माझ्याकडे, टाकू?

ऋचा (ए-३०१): हलत्याला ५०० केबी चालतं, पण हलते आणि साधे एका पॅकमध्ये बसत नाहीत. तो वेगळा करू. आत्ता अडचण अशी की पॅकला किमान तीन स्टिकर लागतात. दोनच झालेत, बाकीचे फोटो झोपलेले किंवा हललेले. रागावलेली काजळी कुणाकडे आहे का?

देशपांडे काकू (ए-२०३): ती रागावत नाही गं.

साठे काका (बी-४०२): रागावत नाही? हा घ्या पुरावा. मी हाकलायला गेलो तेव्हाचा. कान मागे, दात बाहेर, आणि खाली माझं कव्हर. [फोटो]

ऋचा (ए-३०१): काका!! भर उन्हातला, डोळे लख्ख, मिशीही हललेली नाही. हाच हवा होता. डॉक्युमेंट म्हणून पाठवाल का?

साठे काका (बी-४०२): पाठवला आहे. पण कव्हर कापायचं नाही.