मदत हवी: वीज नसलेल्या घरासाठी सोलर दिव्यांचा संच घ्यायचाय, आधी काय काय तपासू?

रानजाई:
आईवडील भुदरगड तालुक्यात, डोंगरातल्या धनगरवाड्यावर राहतात. वाड्यापर्यंत खांब आलेले नाहीत आणि नजीकच्या काळात येतील असं वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात आधीचा सोलर कंदील बंद पडला आणि आई परत चिमणीवर आली. मला पुण्याहून हे सगळं बघावं लागतंय, त्यामुळे एकदाच नीट घ्यायचंय.

घर म्हणजे चुलीची खोली, पुढचा सोपा आणि लागून गोठा. म्हशी चार. रात्री गोठ्यात एकदा फेरी असते. भावाचा स्मार्टफोन आणि बाबांचा बटणांचा फोन चार्ज व्हायला हवा. टीव्ही, पंखा काही नको.

दुकानात एक संच दाखवला: ४० वॅटचं पॅनेल, २०,००० एमएएचची लिथियम बॅटरी, ५ वॅटचे ४ दिवे, '१२ तास बॅकअप', ५,५०० रुपये. बजेट ९,००० पर्यंत आहे. हा घेऊ का? आणि घेण्याआधी मी स्वतः काय तपासू शकते?

ठाणेकर_७१:
सरळ पीएम सूर्यघरमध्ये अर्ज करा. आमच्या सोसायटीतल्या दोघांनी बंगल्यावर बसवलं. ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी मिळते, बिल जवळपास शून्य.

रानजाई:
काका, बिल यायला आधी मीटर लागतो. ती योजना वीजजोडणी असलेल्या घरांसाठी आहे. आमच्याकडे तारच नाही.

ठाणेकर_७१:
अरे हो, शीर्षक नीट वाचलं नाही. क्षमस्व.

कडेकपारी:
२०,००० एमएएच म्हणजे भरपूर झालं की! माझी पॉवरबँक १०,००० ची आहे, फोन दोनदा भरते. ही तर दुप्पट. एमएएच जास्त तो संच चांगला, एवढंच बघा. डोक्याला ताप नको.

जुना_वायरमन:
धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बरीच वर्षं घरदिवे बसवले, म्हणून सांगतो. एमएएचवर जाऊ नका, ते एकटं काहीच सांगत नाही. त्याला बॅटरीच्या व्होल्टने गुणायचं, मग वॅट-तास कळतात. दुकानदाराला विचारा, बॅटरी किती व्होल्टची? एका पेशीची असेल तर ३.२ म्हणेल. २० गुणिले ३.२ म्हणजे ६४ वॅट-तास. चारही दिवे पूर्ण लावले तर २० वॅट, म्हणजे तीन तासांत दिवे मावळले. मग '१२ तास' कुठून आले? एकच दिवा लावला तर ६४ भागिले ५, साधारण १२. खोटं बोललेला नाही, पण एका दिव्याचं सांगितलंय.

आता तुमची गरज काढू. चुलीच्या खोलीत ३ वॅटचा दिवा पुरतो, पाच वॅट नको. चूल ३ तास म्हणजे ९, सोपा ४ तास म्हणजे १२, गोठा एक तास म्हणजे ३. रात्रभर अर्ध्या वॅटचा बारका दिवा, दहा तासांचे ५. स्मार्टफोन एकदा पूर्ण भरायला वाया जाणारी धरून २५ च्या आसपास, दिवसाआड भरला तर रोजचे १२. बटणांच्या फोनला दोन. बेरीज ४३, आपण ४५ धरू.

६४ ची बॅटरी एका रात्रीला पुरेल, दुसऱ्या रात्रीला नाही. तुमचा खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. पॅनेलची लांबी-रुंदी सांगा.

रानजाई:
फोटोवरून विचारून घेतलं. ४५ सेंटिमीटर बाय ३५. बॅटरी ३.२ व्होल्टच म्हणाला, बरोबर ओळखलंत.

जुना_वायरमन:
मग ते ४० वॅटचं पॅनेल नाही. ४५ गुणिले ३५ म्हणजे पावणेसोळाशे चौरस सेंटिमीटर, साधारण पावणेदोन चौरस फूट. चौकट आणि पेशींमधल्या फटी धरून लहान पॅनेलला एका चौरस फुटामागे १५ वॅट मिळाले तरी बरं. म्हणजे २५ च्या आसपास. अगदी उत्तम पेशी धरल्या तरी ३० च्या पुढे जरा अवघडच. मोजपट्टी खिशात ठेवायची, स्टिकरवर काय लिहिलंय ते नंतर वाचायचं.

पक्कं करायचं तर दुपारी बारा-एकच्या स्वच्छ उन्हात मल्टिमीटर १० अँपिअर डीसीवर ठेवा, लाल कांडी दहा अँपिअरच्या भोकात घाला आणि दोन्ही कांड्या पॅनेलच्या दोन तारांना थेट लावा. पॅनेल उन्हाकडे सरळ तोंड करून. हा शॉर्ट करंट. स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याच्या ८०-९० टक्के दिसला पाहिजे. पॅनेलला याने काही होत नाही. बॅटरीला मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका, तारा वितळतील.

म्हशीवाला_पोर:
आमच्याकडं शाहूवाडीत असाच कंदील हुता, वरच पॅनेल बसवलेला. आजी रोज पत्र्यावर ठेवायची. पत्रा तापला की आतली बॅटरी भाजायची. दुसऱ्या पावसाळ्यात अर्धा तासपण चालंना. उघडायला गेलो तर स्क्रू नाहीत, सगळं चिकटवलेलं. कंपनीनं फोन उचलला नाही. नवीन घेतला तेव्हा पॅनेल सुटं, तार लांब, कंदील सावलीत ठेवता येईल असा बघून घेतला. मागं चार स्क्रू आहेत का तेवढं बघा ताई.

जुना_वायरमन:
याला पूर्ण मार्क. पावसाळ्यात आणखी एक होतं: कंदील विझेपर्यंत वापरतात आणि तसाच चार दिवस कोपऱ्यात ठेवतात. रिकामी पडलेली बॅटरी तिथेच मरते. म्हणून दुकानात विचारा, बॅटरी खाली गेली की संच आपोआप दिवे तोडतो का? घरी आणून दिवे मंद होत होत पार विझले तर समजा, तोडत नाही. परत द्या.

कडेकपारी:
बरं, एमएएचचं मान्य. पण मग ५,५०० वालाच संच घ्या आणि बाजारातून ७५ वॅटचं मोठं पॅनेल त्याला जोडा. स्वस्तात काम.

जुना_वायरमन:
मोठ्या पॅनेलचा विचार बरोबर, जोडणी चुकीची. ३.२ व्होल्टच्या संचाचं पॅनेल ६ व्होल्ट गटातलं असतं. ७५ वॅटचं नेहमीचं पॅनेल उघड्या तारांवर २१-२२ व्होल्ट देतं. त्या छोट्या डबीला ते जोडलंत की डबी धूर सोडेल. संचावर पॅनेलचे जास्तीत जास्त व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले नसतील तर कंपनीच्याच पॅनेलशिवाय काही जोडू नका.

मोठं पॅनेल का, ते सांगतो. झड लागलेल्या काळ्या दिवशी भर उन्हाच्या जेमतेम एका तासाइतका उजेड मिळाला तरी नशीब. त्या २५ वॅटच्या पॅनेलला नुकसान वजा जाता १७ वॅट-तास मिळतील, गरज ४५ ची. दोन दिवसांत अंधार. ७५ वॅटला त्याच दिवशी ५० च्या वर मिळतात, म्हणजे त्या दिवसाचं त्या दिवशी भागतं. लोक बॅटरी मोठी घेतात आणि पॅनेल तेवढंच ठेवतात. भरायला काही नसेल तर मोठा रांजण घेऊन उपयोग काय?

तुम्हाला सुटे भाग सोयीचे: ७५ वॅटचं पॅनेल, १२.८ व्होल्ट १२ अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि दोघांच्या मध्ये बसणारा १० अँपिअरचा कंट्रोलर. बॅटरीत १५३ वॅट-तास होतात, तीन रात्री निघतात. कंट्रोलरला लिथियमची सेटिंग आहे ना, ते बघा. आणि जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलटं.

सावळाराम_टेक:
थोडा असहमत. डोंगरावर लिथियम बिघडली तर गारगोटीतसुद्धा दुरुस्त करणारा सापडेलच असं नाही. शिसे-आम्लाची बॅटरी कुठल्याही गाडीच्या दुकानात मिळते. फक्त ती अर्ध्याच्या खाली नेऊ नये, म्हणून क्षमता दुप्पट घ्यावी लागते, आणि विकत घेताना मागची तारीख बघावी. दुकानात वर्षभर न भरता पडून असलेली नवी बॅटरी ही जुनीच. मीटरवर निवांत अवस्थेत १२.६ च्या आसपास दिसावी, १२ च्या खाली असेल तर हातही लावू नका.

जुना_वायरमन:
बदलायला सोपी, हे खरं. पण ती डोंगर चढून खांद्यावरून न्यायची, आणि चार्ज करायला विसरलं की गेली. माझं मत लिथियमच. तुमचं वेगळं असू शकतं.

रानजाई:
काल मीटर घेऊन गेले होते. दुकानदार आधी हसला, मग स्वतःच पॅनेल बाहेर घेऊन आला. एक वाजता स्वच्छ ऊन होतं, ३.४ अँपिअर दिसले. स्टिकरवर तो आकडाच छापलेला नाही, फक्त ७.२ व्होल्ट आणि '४० वॅट'.

जुना_वायरमन:
काम करताना ते पॅनेल सहा व्होल्टवर असेल. ६ गुणिले ३.४ म्हणजे २० वॅट. मोजपट्टी आणि मीटर एकच बोलतायत.

रानजाई:
तो संच सोडला. कोल्हापुरात दुसरीकडे सुटे भाग पाहिले: पॅनेल ३,२००, बॅटरी ४,१००, कंट्रोलर ५५०, तीन दिवे आणि बारका दिवा मिळून ५००. ८,३५० झाले. बॅटरीवर आयएस १६०४६ आणि आर- ने सुरू होणारा नंबर आहे, बीआयएस केअर ॲपवर टाकला तर कंपनीचं नाव जुळलं. पण घराच्या दक्षिणेला मोठा फणस आहे, त्याची सावली छपरावर येते. भाऊ म्हणतो पॅनेल परड्यात खांबावर लावू, तिथून घर १८ मीटर.

जुना_वायरमन:
फणसाच्या सावलीत लावू नका. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या पॅनेलची वीज पार खाली येते. १८ मीटर चालेल, पण तार जाड हवी. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत अडीच-पावणेतीन व्होल्ट वाटेतच जातील, आणि पॅनेल तापल्यावर बॅटरी पूर्ण भरणार नाही. अडीचची घ्या, नुकसान एका व्होल्टच्या आसपास येईल. दोन्ही तारा मिळून ३६ मीटर, शिवाय जास्तीचे दोन-तीन मीटर. बाहेर टिकणारी घ्या, म्हशी ओढणार नाहीत अशा उंचीवर न्या.

रानजाई:
म्हशी! त्याचा विचारच केला नव्हता. तारेची किंमत बजेटच्या बाहेर जातेय वाटतं. भावाला खांबाऐवजी गोठ्याच्या पत्र्यावरची जागा बघायला सांगितलंय, तिथून घर जवळ आहे. सकाळी दहा ते दुपारी तीन तिथे सावली येते का, ते तो उद्या दर तासाला फोटो काढून पाठवणार आहे.

म्हशीवाला_पोर:
फोटोपेक्षा काठी रोवा ताई. आणि फणसाची सावली आत्ताची बघून चालत नाही, डिसेंबरात ती लांब पडते.

जुना_वायरमन:
बरोबर बोलला. ती जागा फणसाच्या उत्तरेकडे असेल तर डिसेंबरात सावली तिथेही पोचेल. फोटो आले की इथे टाका.