37 हजारांतले हातात किती उरतात? फेलोशिप, हॉस्टेल, मेस आणि वर्षाची बेरीज

शेवटचा_बाक:
पुण्यात पीएचडी करतोय, यूजीसीची जेआरएफ फेलोशिप आहे, राहतो विद्यापीठाच्या हॉस्टेलात. घरी भाऊजी सारखं म्हणतात, "महिन्याला 37 हजार म्हणजे तू तर साहेबच झालास." म्हणून काल बसून हिशोब मांडला. मेस 4,200, मेसचं आस्थापना शुल्क 300, वीज-पाणी 350. हॉस्टेलचं शुल्क वर्षाला 14,400, म्हणजे महिन्याला 1,200. एकूण 6,050 गेले, उरले 30,950. बाराने गुणलं तर 3,71,400. माझं म्हणणं, 37 हजार हा आकडा कुणी सांगूच नये, खरा पगार 31 च्या आतला आहे. बरोबर ना? आणि हिशोबात काही चुकलं असेल तर सांगा.

रानभैरी:
भाऊ, चुकलं काही नाही, पण रडगाणं कशाला? मी केंद्रीय विद्यापीठात नॉन-नेट फेलोशिपवर आहे. महिन्याला 8,000. हा आकडा 2012 पासून जागचा हललेला नाही. मेसचे 3,100 आणि हॉस्टेलचे 400 गेले की 4,500 उरतात, वर्षाचे 54 हजार. तुमचे नुसते कापलेले पैसे वर्षाला 72 हजारांवर जातात. म्हणजे तुम्ही जेवणा-राहण्यावर जेवढे घालवता तेवढे माझ्या हातात वर्षभरात पडत नाहीत. 2015 साली हेसुद्धा बंद करायला निघाले होते, दिल्लीत यूजीसीच्या दारात पोरं बसली म्हणून टिकलं. भाऊजींचं बरोबर आहे.

शेवटचा_बाक:
तुमचं दुःख मोठं आहे, मान्य. पण म्हणून माझा आकडा खोटा ठरत नाही.

चिंचेची_सावली:
टीडीएस कापतात का याचं कुणी सांगेल का? आमच्याकडे म्हणतात साडेचार लाख उत्पन्न म्हणजे रिटर्न भरावंच लागतं.

अनघा_प्र:
चिंचेची_सावली, प्रश्न कराचा नव्हता, तरी थोडक्यात सांगते. शिक्षणाचा खर्च भागवायला दिलेली शिष्यवृत्ती आयकर कायद्यानुसार करमुक्त असते. माझ्या फेलोशिपमधून पाच वर्षांत एकदाही टीडीएस कापला गेला नाही.

आता मूळ हिशोब. शेवटचा_बाक, तुझी पद्धतच मला पटत नाही. महिन्याचा निव्वळ आकडा काढून बाराने गुणायचं नाही, कारण तुझे खर्च महिन्याच्या मापाने चालतच नाहीत. हॉस्टेलचं शुल्क सहामाही असतं. वीज-पाणी आणि आस्थापना शुल्क बारा महिने, मेस उघडी असो वा बंद. जेवणाचं बिल मात्र दिवसावर. तुझ्या मेसचे 4,200 म्हणजे दिवसाचे 140 असणार.

मग वर्षाचे दिवस मोज. दिवाळीत मेस पंधरा दिवस बंद राहिली आणि तू गावी जाताना रीतसर अर्ज देऊन वीस दिवसांची सूट घेतलीस, तर बिल 330 दिवसांचं येईल, म्हणजे 46,200. त्यात आस्थापना शुल्काचे 3,600, हॉस्टेलचे 14,400, वीज-पाण्याचे 4,200. बेरीज 68,400. फेलोशिप वर्षाची 4,44,000. उरले 3,75,600. तुझ्या बेरजेपेक्षा 4,200 जास्त, म्हणजे अख्ख्या महिन्याच्या जेवणाचे. प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत यात धरायची नाही, ती परत मिळते. कोणी तीही खर्चात टाकतं आणि मग आकडा उगाच खाली दिसतो.

खानावळ_नंबर_दोन:
अनघाताई, कागदावर झकास. पण मेस बंद असली म्हणजे माणूस उपाशी राहतो का? बी.ए.-एम.ए.ची पोरं सुट्टीला घरी जातात म्हणून मेस बंद होते. संशोधकाला ती सुट्टी नाहीच, सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला 30 दिवसांची रजा, बस. मागच्या दिवाळीत मी पंधरा दिवस प्रयोगशाळेत होतो. मेसचे 2,100 वाचले आणि बाहेर दोन वेळचं जेवण दिवसाला 220 च्या खाली कुठे मिळेना. 3,300 गेले. म्हणजे तुमच्या "बचतीत" मी 1,200 ने खड्ड्यात.

आणि ती सूट! आमच्याकडे सलग चार दिवसांच्या खाली सूट नाही, अर्जही दोन दिवस आधी द्यायचा. घरून फोन आला आणि रात्रीची एसटी धरली की गेले ते दिवस.

अनघा_प्र:
हे मी विसरले होते, खरं आहे. बाहेरचं खाणं हिशोबात घ्यायलाच हवं. तरी गावी गेलेल्या वीस दिवसांची सूट सुटत नाही. ती त्याने मागितली असेल तरच मिळेल, एवढंच. बिलावर गैरहजेरीचे दिवस वेगळे लिहिलेले असतात, ते दर महिन्याला पाहावेत. माझ्या एका बिलात आठ दिवसांऐवजी शून्य होते, अर्जाची पोच होती म्हणून दुरुस्त झालं.

तळ्याकाठचा:
सगळे हॉस्टेल-हॉस्टेल करताय, पण मुळात हॉस्टेल घ्यायचंच कशाला? बाहेर राहिलं की एचआरए, म्हणजे घरभाडं भत्ता मिळतो. पुणे पहिल्या वर्गातलं शहर. माझ्या बॅचमेटला 27 टक्क्यांनी 9,990 पडायचे, म्हणजे हातात 46,990. तिघांत मिळून खोली, त्याच्या वाट्याला 8,000, डबा 3,600, लाइटबिल 600. उरले 34,790. वर्षाचे 4,17,480. तुझ्यापेक्षा चाळीस हजारांहून जास्त! हॉस्टेल सोडून दे, सरळ गणित आहे.

अनघा_प्र:
गणित सरळ आहे, नियम नाही. विद्यापीठाने हॉस्टेल देऊ केलं आणि तू नाकारलंस, तर एचआरएचा हक्क जातो. हॉस्टेलात जागा नाही असं विद्यापीठानेच लिहून दिलं तर मिळतो. तुझ्या बॅचमेटला जागा मिळाली नसणार. दर वर्षी कुणीतरी असा सल्ला ऐकून खोली सोडतो आणि मग एचआरएही नाही, खोलीही नाही. शिवाय येण्याजाण्याचं पेट्रोल आणि दलालीचा महिना तुझ्या बेरजेत दिसत नाही.

आता खरी गोष्ट, जी शेवटचा_बाकने विचारलीच नाही. यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या फेलोला घरभाडं मिळत नाही, पण हॉस्टेलचं शुल्क मागता येतं. मेस, वीज आणि पाणी वगळून. त्यासाठी कुलसचिवांमार्फत प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणजे तुझे 14,400 परत येऊ शकतात. तसं झालं तर वर्षाला बरोबर 3,90,000 उरतात, महिन्याला 32,500. तू ज्याला कपात म्हणतोस त्यातला एक तुकडा मुळात तुझ्या खिशातून जायलाच नको होता.

शेवटचा_बाक:
हे मला दोन वर्षांत कुणीच सांगितलं नाही. गाइडनीसुद्धा.

जुना_खाक्या:
गाइडला काय माहीत, त्यांच्या वेळी फेलोशिप पाच हजार होती.

बाकी तुमच्या सगळ्या बेरजा बारा महिने पैसे वेळेवर येतात असं धरून चालल्या आहेत. विद्यापीठाने दर महिन्याला कॅनरा बँकेच्या पोर्टलवर हजेरीची खात्री करायची, एकाने भरायची, दुसऱ्याने मंजूर करायची. आमच्याकडे मंजूर करणारा कारकून बदलीवर गेला आणि नव्याचं लॉगिन व्हायला चार महिने लागले. मी तोवर शून्यावर. मेसवाल्याने दिवसाला दहा रुपये दंड लावला, दुसऱ्या महिन्यात कार्डच बंद. मित्राच्या कार्डावर जेवलो, त्याचं जेवण वाढलेलं दाखवून. मग एका दिवशी पाच महिन्यांचे 1,85,000 एकदम जमा. वर्षाची बेरीज तंतोतंत जुळली हो! पण तिच्यावर मी जेवलो कसा, हे त्या बेरजेत कुठे आहे?

आणखी एक. त्या वर्षी मार्चअखेर पासबुकात नऊच महिने दिसत होते, 3,33,000. बाकीचे पुढच्या आर्थिक वर्षात आले. धाकट्या भावाच्या शिष्यवृत्तीला घरच्या उत्पन्नाचा पुरावा देताना पुढच्या वर्षी 15 महिन्यांचं उत्पन्न दिसलं, 5,55,000. तहसीलमध्ये समजावता समजावता नाकी नऊ आले.

रानभैरी:
मित्राच्या कार्डावर जेवणं, हे आमच्याकडे बाराही महिने चालतं. असो. पण खाक्या, यात दोष फेलोशिपच्या रकमेचा नाही, पैसे उशिरा येण्याचा आहे. विषय रकमेचा होता.

जुना_खाक्या:
ज्याने एकदा दंड भरलाय त्याला हे दोन वेगळे वाटत नाहीत.

तळ्याकाठचा:
जेआरएफचं वरच्या दर्जाचं एसआरएफ झालं की 42 हजार, सगळेच प्रश्न मिटतात. दोन वर्षं झाली की आपोआप वाढतं.

खानावळ_नंबर_दोन:
आपोआप काही होत नाही. दोन वर्षं भरली की समितीपुढे काम मांडायचं, त्यांचा अहवाल वर जायचा, मग दर्जा बदलतो. माझी समिती बसायलाच सात महिने उशीर झाला, तोवर जुनेच 37 हजार. फरकाचे 35 हजार नंतर मिळाले. पण मेसने मात्र दर जूनपासूनच वाढवला होता, त्याला कुठली समिती लागली नाही.

शेवटचा_बाक:
अपडेट. आज वॉर्डनच्या ऑफिसात गेलो होतो. हॉस्टेल शुल्काच्या पावत्या चारही सहामाह्यांच्या आहेत, त्यांतलं नुसतं शुल्क 28,800. पण पावतीवर शुल्क आणि वीज-पाणी एकत्र छापलंय, वेगळं करून द्यायला ते तयार नाहीत. फेलोशिप विभागातला माणूस म्हणाला, असा दावा आजवर कुणी आणलेलाच नाही, मग कुठल्या खात्यात टाकायचा? अनघाताई, शुल्काची फोड असलेलं पत्र वॉर्डनकडून घ्यायचं की लेखा विभागाकडून?

अनघा_प्र:
वॉर्डनचं पत्र, त्यावर मुख्य वॉर्डनची सही, आणि मग तेच जोडून कुलसचिवांकडे प्रमाणपत्रासाठी अर्ज. माझं तसंच झालं होतं. फक्त दोन वर्षांचं एकदम देतात की चालू वर्षाचंच, हे तिथेच विचारावं लागेल. मी चालू वर्षाचंच मागितलं होतं.

शेवटचा_बाक:
आणि भाऊजींना कुठला आकडा सांगू?

रानभैरी:
37. उसने मागितले तर 30,950.