मदत हवी आहे: चौकड्यांच्या शर्टातील व्यक्ती फोटोतून नीट कापता येत नाही

फलकवाला, कोल्हापूर
नमस्कार. वाढदिवसाच्या फलकासाठी एका गृहस्थांचा फोटो कापून घ्यायचा आहे आणि फलक आज रात्रीच छपाईला द्यायचा आहे. फोटोशॉपमध्ये Select Subject वापरले की चेहरा आणि केस बरोबर येतात. पण शर्टातल्या पांढऱ्या चौकटी सुटतात आणि खांद्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. Quick Selection ने त्या चौकटी भरायला गेलो, तर मागची भिंतही निवडली जाते. कृपया लवकर मार्ग सुचवावा.

पंचगंगाकाठ
शर्टाचा रंग कोणता, मागे नेमके काय आहे आणि फोटो आपल्याकडे कसा आला, हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे. फलकावर मागे कोणता रंग येणार आहे, तेही सांगावे.

फलकवाला
शर्ट लाल-पांढरा आहे. फोटोत डावीकडे चुना लावलेली भिंत आणि उजवीकडे कडुलिंबाची गर्द पालवी आहे. फोटो व्हॉट्सॲपवर आला. फलकाची पार्श्वभूमी गडद निळी आहे.

रंगारी_शाहूपुरी
एवढी चर्चा कशाला? लेयरची प्रत काढा आणि तिच्यावर Gaussian Blur इतका द्या की लाल-पांढऱ्या चौकटी मिसळून शर्ट सरसकट गुलाबी दिसेल. त्या प्रतीवर निवड करून तीच मूळ लेयरला लावा. मी लुंग्यांच्या जाहिरातीचे फोटो नेहमी असेच कापतो.

जुना_स्टुडिओ
रंगारीसाहेबांची युक्ती अर्धी बरोबर आहे. तिने शर्टाचा आतला भाग भरून निघतो, कारण साधनाला अडवणाऱ्या आतल्या रेषाच नाहीशा होतात. परंतु चौकट जितकी मोठी तितका ब्लर जास्त द्यावा लागतो आणि त्याबरोबर बाहेरची कडही पसरते. म्हणून ती निवड कडेसाठी वापरू नये. आतल्या भोकांसाठी तर ब्लरचीही गरज नाही, Layer Mask वर पांढऱ्या ब्रशने ती भरता येतात. आपली खरी अडचण कडेची आहे आणि ती दोन्ही बाजूंना वेगळी आहे.

उजवीकडे Channels मध्ये जाऊन Red पाहावा. त्यात लाल आणि पांढरा दोन्ही उजळ दिसतात, त्यामुळे चौकड्या जवळजवळ पुसल्या जातात आणि मागची पालवी गडद राहते. त्या चॅनलची प्रत काढून Levels ने फरक वाढवला की उजव्या बाहीची कड सलग मिळेल.

डावीकडे हा उपाय चालणार नाही, कारण भिंतही त्यात उजळच दिसेल. तिथे पेन टूल घ्यावे. लाल चौकटी कडेला जिथे संपतात तिथे बिंदू द्यावेत आणि मधल्या पांढऱ्या भागावरून शिवणीच्या वळणाने रेषा न्यावी. दोन लाल चौकटींच्या मध्ये कापड एकाएकी आत वळत नाही. कड दिसेनाशी झाली, तर वर तात्पुरता Curves लेयर ठेवून उजळ भाग गडद करावा, म्हणजे पांढऱ्या कापडाची बारीक सावली भिंतीपासून वेगळी कळेल. पाथ कडेच्या एक-दोन पिक्सेल आत ठेवावा, अन्यथा गडद निळ्यावर भिंतीची पांढरी किनार उठून दिसेल. केसांसाठी मात्र Select Subject चीच निवड राहू द्यावी आणि Ctrl+Shift दाबून पाथच्या चित्रावर क्लिक करून शर्ट तिच्यात मिळवावा.

इरकल_प्रेमी
माझ्या बारीक चौकड्यांच्या साडीच्या फोटोतही असाच त्रास होतो. पडद्यावर कापडावर रंगीत लाटा उमटतात. कॅमेरा थोडा मागे नेऊन फोटो काढला, तर त्या जातात.

पंचगंगाकाठ
ताई, आपण म्हणता तो दोष फोटो काढतानाच येतो. इथे चौकड्या स्वच्छ दिसत आहेत, प्रश्न त्या कापण्याचा आहे. फलकवाले, मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या. व्हॉट्सॲपने दाबलेल्या फोटोत रंगाचा तपशील उजेडापेक्षा कमी राहतो, त्यामुळे लाल रंग भिंतीवर ओघळल्यासारखा दिसतो आणि पेनचा बिंदू नेमका कुठे द्यावा, हेच कळत नाही.

रंगारी_शाहूपुरी
फलक लोक रस्त्याच्या पलीकडून पाहणार, तिथे दोन पिक्सेल कोण मोजतो? ब्लर पुरे आहे.

जुना_स्टुडिओ
व्हॉट्सॲपवरचा लहान फोटो फलकासाठी ताणला की दोन पिक्सेलची किनारही बोटभर रुंद होते, साहेब.

फलकवाला
मूळ फोटो मिळाला. उजवी बाही Red चॅनलने एका दमात निघाली आणि डावा खांदाही पेनने जमला. आता कॉलरजवळ अडलो आहे: तिथे चौकड्या तिरप्या आहेत, कॉलरचे पांढरे टोक भिंतीला टेकले आहे आणि Curves लावूनही सावली दिसत नाही.

जुना_स्टुडिओ
उजवीकडच्या कॉलरचा पाथ उलटवून मापाला लावून पाहावा. मात्र मान वळलेली असेल, तर तो तंतोतंत बसणार नाही. फोटोचा तेवढा तुकडा इथे टाका.