मदत हवी आहे: मुलीच्या फीवर कापलेला टीसीएस माझ्या 26एएसमध्ये दिसत नाही

मुलुंडचा_बाबा: मुलगी मँचेस्टरला एमएस्सी करतेय. फीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये 9 लाख आणि जानेवारी 2026 मध्ये 13 लाख पाठवले. दुसऱ्या वेळी बँकेने 60,000 रुपये टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला. आता रिटर्न भरायला बसलोय तर माझ्या 26एएस या कराच्या पत्रकात एक रुपयाही नाही. बँकेत विचारलं तर "आम्ही भरलाय, पोर्टलवर बघा" एवढंच उत्तर. 31 जुलै तोंडावर आलीय. लवकर सांगा.

फलाट_चार: शिक्षणाला दर 2 टक्के आहे. 12 लाखांचे 24 हजारच होतात. बँकेने जास्त कापलेत, आधी तक्रार ठोका.

दादरची_हिशेबनीस: 2 टक्के 1 एप्रिल 2026 पासून. यांचे पैसे त्याआधी गेलेत, तेव्हा 5 टक्केच होते. पहिले 10 लाख सुटले, उरलेल्या 12 लाखांवर 60,000, म्हणजे आकडा बरोबर आहे. मुलुंडकर, पैसे गेले ते खातं कोणाचं? परदेशी पैसे पाठवायच्या ए-टू फॉर्मवर पॅन कोणाचा?

शिवडीची_आई: आमच्या मुलाला बँकेचं शैक्षणिक कर्ज होतं, त्यामुळे टीसीएस लागलाच नाही. मंजुरीपत्र मात्र आधीच द्यावं लागलं. तुम्ही कर्ज का नाही घेतलंत?

मुलुंडचा_बाबा: ताई, कर्ज नको होतं म्हणूनच साठवले होते. खातं माझं आणि मुलीचं जॉइंट आहे, तिचं नाव पहिलं. ऑगस्टमध्ये फॉर्म बँकेतल्या माणसानेच भरला, तिने सही केली. जानेवारीत तिने तिच्या नेटबँकिंगमधून पाठवले. पण पैसे सगळे माझे आहेत, त्याने काय फरक पडतो?

दादरची_हिशेबनीस: तिथेच तर सगळं आहे. पाठवणारी म्हणून तिचा पॅन गेला, म्हणून टीसीएस तिच्या नावावर जमा झाला. तिचं लॉगिन उघडून तिचं 26एएस बघा, नक्की तिथे असेल. जानेवारी ते मार्चचं विवरणपत्र बँकेने 15 मेपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे आतापर्यंत दिसायलाच हवं. बँकेकडून 27डी प्रमाणपत्रही मागून घ्या, त्यावर पॅन छापलेला असतो.

गोरेगाव_पूर्व: एवढं कशाला? तुमच्या रिटर्नमध्ये शेड्यूल टीसीएसमध्ये "दुसऱ्या व्यक्तीचा" असा रकाना आहे. मुलीचा पॅन टाका, 60,000 घ्या, मोकळे व्हा.

दादरची_हिशेबनीस: गोरेगावकर, रकाना आहे हे खरं. पण मुलांच्या बाबतीत ही सोय अज्ञान मुलांपुरती आहे, ज्यांचं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात धरलं जातं, आणि तीही जानेवारी 2025 पासून. एमएस्सी करणारी मुलगी सज्ञान. तो आकडा यांनी टाकला तर क्रेडिट नाकारलं जाऊन उलट कराची मागणी येऊ शकते.

गोरेगाव_पूर्व: माझ्या शेजाऱ्यांचं झालं होतं, विनातक्रार.

दादरची_हिशेबनीस: त्यांचा मुलगा किती वर्षांचा होता ते विचारा.

मुलुंडकर, रिटर्न मुलीने भरायचं. तिला उत्पन्न नसलं तरी वर्षातला टीसीएस 25,000 च्या वर गेलाय, म्हणून रिटर्न बंधनकारकच आहे, आणि भरल्याशिवाय परतावाही नाही. कर शून्य, त्यामुळे 60,000 पूर्ण परत. फॉर्म मात्र आयटीआर-1 नको. तिचं तिकडे बँक खातं असेलच. भारतात निवासी धरली तर ते खातं परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवायचं, आणि तिथे 31 डिसेंबर 2025 ला संपलेलं कॅलेंडर वर्ष धरतात. त्यासाठी आयटीआर-2 च लागतो.

फलाट_चार: ती एनआरआय झाली ना! सप्टेंबरमध्ये गेली असेल, म्हणजे 182 दिवस भरले नाहीत.

दादरची_हिशेबनीस: 182 ची सवलत नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे. बाकीच्यांना वर्षात 60 दिवस आणि मागच्या चार वर्षांत 365 दिवस भरले की निवासी. शिक्षणाला जाणाऱ्यांना ती सवलत द्यावी का, यावर आमच्या ऑफिसातल्या दोन सीएंचंच एकमत नाही. तिच्या सीएला विचारा. फॉर्म दोन्हीकडून आयटीआर-2 च.

शिवडीची_आई: पुढच्या खेपेला अर्धे आईच्या पॅनवरून पाठवा. 10 लाखांची मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी असते.

मुलुंडचा_बाबा: तिच्या 26एएसमध्ये 60,000 दिसले! पण ई-व्हेरिफाय कसं करायचं? आधार ओटीपी तिच्या भारतातल्या सिमवर येतो आणि ते सिम तिकडे गेल्यावर रिचार्ज न केल्याने बंद झालंय.

दादरची_हिशेबनीस: तिच्या नेटबँकिंगमधून पोर्टलवर लॉगिन करता येतं, तिथून ओटीपीशिवाय होईल. परताव्यासाठी तेच जॉइंट खातं प्रीव्हॅलिडेट करा, पहिलं नाव तिचं आहे म्हणून चालेल. रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत व्हेरिफाय करा.

गोरेगाव_पूर्व: बँकेला टीसीएसचं विवरणपत्र 27ईक्यू दुरुस्त करून बाबांचा पॅन घालायला सांगता येणार नाही का?

दादरची_हिशेबनीस: बँकेने चुकीचा पॅन टाकला असता तर मागता आलं असतं. इथे पाठवणारी तीच आहे.

मुलुंडचा_बाबा: बरं. तिला आज रात्री फोन करून नेटबँकिंग सुरू आहे का बघतो. सीएचं उत्तर आलं की निवासी की एनआरआय ते इथेच लिहितो.