कोल्हापुरात पाहुण्यांची सोय कुठं करायची? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-302: सगळ्यांना एक विचारायचं होतं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून माझी नणंद येतीय, पाच जण आहेत, त्यात सासूबाई 74 वर्षांच्या. आमच्याकडं एवढी जागा नाही म्हणून चार रात्री लॉजच बघतोय. महाद्वार रोडजवळ एक रूम 1900 म्हणतात, दोन लागतील. उचगावच्या पुढं हायवेला तशाच रूम 1200 ला मिळतायत आणि नव्या कोऱ्या आहेत. मिस्टर म्हणतात हायवेचं घे, 5600 वाचतात

ए-104: हायवेचंच घ्या वहिनी, रिक्षानं जायला कितीसं लागतंय

सी-201 काका: थांबा जरा. खोलीचं भाडं खोलीला असतं, प्रवासाचं माणसाला. पाच माणसं एका रिक्षात बसत नाहीत, तीनच बसतात, म्हणजे प्रत्येक वेळी दोन रिक्षा. रिक्षावाल्यानं किती सांगितले?

बी-302: हॉटेलपासून मंदिरापर्यंत 200 एका रिक्षाला

सी-201 काका: म्हणजे एक खेप 400. दोन्हीकडच्या खोल्यांतला फरक रात्रीला 1400. दिवसात तीन खेपांपर्यंत लांबचं परवडतं, चौथी झाली की गेलं. आता सांगा, कुठल्या दिवशी काय करणार ते

बी-302: पहिल्या दिवशी महाराष्ट्र एक्सप्रेसनं उतरतील, संध्याकाळी अंबाबाई. दुसऱ्या दिवशी काकड आरतीला जायचंच म्हणून आईंचा हट्ट आहे, मग परत येऊन झोपणार, संध्याकाळी रंकाळा. तिसऱ्या दिवशी गाडी करून जोतिबा-पन्हाळा. चौथ्या दिवशी कणेरी मठ, संध्याकाळी चपला-साज खरेदी. पाचव्या दिवशी परत

सी-201 काका: बघा, दुसऱ्या दिवशी चार खेपा. आणि पहाटे काकड आरतीला हायवेवर रिक्षा कोण आणून उभी करणार, आदल्या रात्री ठरवून ठेवायला लागते आणि तो रात्रीचं भाडं म्हणून जास्तच मागतो. म्हातारं माणूस घेऊन केएमटीच्या भरवशावर त्या वेळी जाता येत नाही

ए-104: पण तिसऱ्या दिवशी गाडी हॉटेलवरच येणार की ओ, तिनं कुठून उचललं काय फरक पडतो. आणि कणेरी तर त्या बाजूनंच जवळ

सी-201 काका: तेच म्हणतोय मी! गाव कुठं आहे ते बघू नका, तुमचं त्या दिवशीचं काम कुठं आहे ते बघा. पहिले दोन दिवस सगळं मंदिराच्या भोवती, पुढचे दोन दिवस गावाबाहेर. मग दोन रात्री इथं, दोन रात्री तिथं घ्या ना. तिसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या गाडीतच सामान टाका आणि संध्याकाळी हायवेला उतरा. फक्त खरेदी पहिल्या संध्याकाळी उरकून टाका

बी-302: मांडून बघते थांबा
सगळं हायवेला: रूम 9600 + रिक्षा 3800 = 13400
सगळं महाद्वारला: रूम 15200 + कणेरीचे जादा 400 + किरकोळ रिक्षा 600 = 16200
दोन-दोन रात्री: रूम 12400 + रिक्षा 700 = 13100
अय्या, काका तुमचंच स्वस्त निघालं! मिस्टरांना दाखवते

ए-104: म्हणजे सगळं हायवेला घेतलं तर वाचणारे 5600 नव्हते, 2800 च होते आणि त्यात आठ खेपा, प्रत्येकी अर्धा तास. चार तास रिक्षात 🙏 हरलो

सी-403: अर्धा तास दुपारी हो, संध्याकाळी सातला नाही. नकाशात वेळ बघायची तर ज्या वेळी जाणार त्या वेळेला बघा. मागं आमच्या पाहुण्यांना नकाशानं सांगितलं 15 मिनिटं, ते लग्नाच्या सीझनमध्ये 50 मिनिटांनी टेकले

बी-105 मावशी: शिरोलीला 900 ची पण रूम आहे गं, माझ्या भाच्यानं घेतलेली

सी-201 काका: मावशी ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पलीकडं नको. 2019 ला आणि 2021 ला तिथंच हायवे पाण्याखाली गेलेला. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा, 43 फूट धोका, ते रोज बघत बसायचं का पाहुण्यांनी? तसं पाणी चढलं तर पन्हाळ्याचाही रस्ता बंद होऊ शकतो, त्यामुळं गाडीवाल्याला ॲडव्हान्स थोडाच द्या

सी-403: आणि महाद्वारच्या लॉजला "मंदिराजवळ" म्हणतात ते कुठल्या दरवाजापासून ते विचारा. लिफ्टचं पण विचारा, जुन्या लॉजना जिने असतात अरुंद, माझ्या आईला तिसऱ्या मजल्यावर चढवताना घाम फुटलेला

ए-104: बाकी काही म्हणा, पाण्याची टाकी धुवायची राहिलीय त्याचं कोण बघतंय

बी-302: 😂 लॉजवाल्याशी आत्ताच बोलले. लिफ्ट नाही, पण पहिल्या मजल्यावरच्या दोन रूम देतो म्हणाला, दोन रात्रींना. विद्यापीठ हायस्कूलच्या बाजूनं चालत पाच-सात मिनिटं म्हणतो, उद्या सकाळी मी स्वतः चालून बघते आणि मगच पैसे देते

सी-201 काका: जाताना आईंच्या चालीनं चाला, तुमच्या नको

बी-302: हो काका 🙏