दोन सहकाऱ्यांना समोरासमोर बसवायचंय, मदत हवी आहे (जरा लवकर!)

देवगडकरीण: आंब्याचं पॅकहाऊस आहे. ग्रेडिंगची ताई आणि डिस्पॅचचा दादा गेले दहा दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. चिठ्ठ्या माझ्या हातून जातात. सोमवारी बसवणार आहे. मेसेज लिहिलाय, बरोबर आहे का सांगा:

"तुमच्या भांडणामुळे कामाचा खोळंबा होतोय. सोमवारी ४ वाजता माझ्या केबिनमध्ये या. दोघांनी समजुतीने घ्या."

काजूबी: भांडण कशावरून? आणि तुम्ही त्यांच्या कोण? हेच लिहिलं नाहीत.

देवगडकरीण: मॅनेजर. वाशीहून ४० पेट्या परत आल्या, फळात साका निघाला. दादा सगळ्यांसमोर ताईंना म्हणाला, "डोळे मिटून पेट्या भरतेस." ताई म्हणाल्या, गाडी चार तास उन्हात उभी होती.

बागायतदार_२: साका बाहेरून दिसतो काय? कापल्याशिवाय कळत नाही. फळं पाण्यात टाकून बघता का तुम्ही? आमच्याकडे गेल्या वर्षी...

खाडीकाठ: बागायतदार, त्याचा वेगळा धागा काढा.

ताई, मी कारखान्यात अशा बैठका बऱ्याच घेतल्यात. तुमच्या मेसेजात "भांडण" आणि "तुमच्यामुळे" आहे. म्हणजे दोघं यायच्या आधीच आरोपी. "समजुतीने घ्या" वाचून प्रत्येकाला वाटतं, हे मलाच सुनावलंय. दोघांपुढचा प्रश्न लिहा, आणि दोघांना अक्षरशः एकच मजकूर, एकाच वेळी पाठवा:

"गेल्या आठवड्यात ४० पेट्या परत आल्या. पेटी बंद करण्याआधीची शेवटची तपासणी आणि गाडी सुटण्याची वेळ, या दोन्हीची नोंद कोणी आणि कुठे करायची, हे तुम्ही दोघांनी ठरवावं म्हणून बसायचंय. सोमवारी ४ ते ५ जमेल का? त्याआधी दोघांशी वेगवेगळं बोलेन. फोन कधी करू?"

चूक कोणाची, हे यात कुठेच नाही. साका कापल्याशिवाय दिसत नसेल, तर "तुला दिसलं कसं नाही" या वादाला उत्तरच नाही. तो टेबलावर आणूच नका.

देवगडकरीण: ४ ला गाडी भरायची घाई असते. ११ करते.

मालवणी_माणूस: गावच्या देवाक गाऱ्हाणा घाला, कौल लावा. दोघवय गप्प बसतीत. नायतर तंटामुक्ती समिती आसा मा.

काजूबी: ती २००७ ची मोहीम गावातल्या तंट्यांसाठी होती हो. पॅकहाऊसच्या डिस्पॅचला कुठे नेता तिथे? आणि कौलात एक जिंकतो, एक हरतो. उद्या पेट्या दोघांनाच भरायच्यात.

मालवणी_माणूस: हरलेलो निदान देवाचा आयकता. मॅनेजराचा कोण आयकता?

खाडीकाठ: त्यात तथ्य आहे. ताई, या दोघांचा बोनस कोण ठरवतं?

देवगडकरीण: मीच. आणि दादा माझा मावसभाऊ आहे. ते सगळ्यांना माहीतच आहे.

खाडीकाठ: हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! मग तुम्ही मध्ये बसू नका. बोनस देणाऱ्या बाईसमोर ताई खरं बोलणार नाहीत, त्यातून दादा तुमचा भाऊ. दोघांनाही चालेल असा माणूस बसवा, निर्णय न देणारा, आणि ते मेसेजात लिहा. केबिनही नको, जेवायची खोली बरी. आधीचे फोनही त्यानेच करायचे.

फोनवर दोघांना एकच विचारायचं: "समोरचा काय बोलला तर तुम्ही उठून जाल?" नियम त्यातूनच निघतात. आमच्याकडे एक म्हणाला, "जुनं उकरलं तर." दुसरा म्हणाला, "आवाज चढवला तर." झाले दोन नियम: या हंगामाआधीचं काही काढायचं नाही, आणि आवाज चढला की मधला माणूस हात वर करेल, पाच मिनिटं थांबायचं. "एकमेकांचा आदर ठेवा" असला नियम मोडला की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. आवाज सगळ्यांना ऐकू येतो. बसल्यावर नियम वाचून दाखवायचे, दोघं हो म्हणाल्यावरच सुरुवात.

सह्याद्रीची_लेक: एक बाई, एक पुरुष. दुसरं काही नाही ना यात? लैंगिक छळाची बाब असेल तर अशी मधली बैठक चालत नाही, तक्रार समितीकडे जाते. २०१३ च्या कायद्यात चौकशीआधी समेट आहे, पण बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन तो करता येत नाही.

देवगडकरीण: छे, तसलं काही नाही.

खाडीकाठ: तुम्हाला माहीत नाही, इतकंच. फोनवर कळलं तर बैठक रद्द. मधल्या माणसाने "इथलं बाहेर जाणार नाही" असं सरसकट वचन देऊ नये, ते याचसाठी.

देवगडकरीण: आमचे जुने हिशेबनीस दोघांना चालतात, त्यांनी फोनही केले. ताई म्हणाल्या, "मावसभावाचा उल्लेख झाला तर उठेन." दादा म्हणाला, "डोळे मिटून म्हणालो ते चुकलं, पण ते तिला सगळ्यांसमोर सांगणार नाही." ठरलेल्या गोष्टींवर सही घ्यायची का?

काजूबी: घ्याच. आमच्या पतपेढीत सही नव्हती, महिनाभरात दोघं "असं ठरलंच नव्हतं" म्हणायला लागले.

खाडीकाठ: मी घेत नाही. सही म्हटलं की लोक मेमो समजून हात आखडतात. दोघांच्याच शब्दांत चार ओळी लिहून नोंदवहीजवळ लावायच्या. आणि ते "डोळे मिटून" सगळ्यांसमोर झालंय, खोलीत माफी मागून ताईंना पुरेल का, हे हिशेबनिसांनी आधी विचारावं.

देवगडकरीण: विचारायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, बघू.