शब्दचर्चा : ‘तूर्तास आपली निवड होऊ शकलेली नाही’ यातल्या ‘तूर्तास’चं काय करायचं?

वसुधा
चाकणच्या एका पॅकेजिंग कारखान्यात लेखा सहायकाची एक जागा होती. पाच जणांच्या मुलाखती झाल्या, एकाला घेतलं. बाकी चौघांना कळवायचं आहे. एरवी इंग्रजीतला ठरीव मेल जातो, या वेळी साहेबांनी मराठीत मागितलाय. माझा मसुदा असा :

“महोदय/महोदया, आपल्याशी झालेली चर्चा अत्यंत फलदायी ठरली. आपले ज्ञान व अनुभव पाहून आम्ही प्रभावित झालो. तथापि, तूर्तास आपली निवड होऊ शकलेली नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला बायोडाटा आमच्या संग्रही ठेवण्यात येईल व भविष्यात योग्य संधी उपलब्ध झाल्यास आपला अवश्य विचार करण्यात येईल. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा.”

प्रश्न दोन. याला ऑफिसात सगळे ‘रिग्रेट लेटर’ म्हणतात, त्याला मराठी शब्द काय? आणि ‘तूर्तास’ बरा की ‘सध्या’?

गजानन_बीड
‘दिलगीर’ फारसी आहे, काढा. ‘खेद’ शुद्ध शब्द. म्हणजे पत्राचं नाव झालं ‘खेदपत्र’. बाकी मसुदा छान, सौम्य आहे.

तळटीप
खेद घ्यायला हरकत नाही, पण कारण ते नव्हे. फारसी शब्द काढायचे तर ‘उमेदवार’पासून सुरुवात करावी लागेल. फारसीत दिलगीर म्हणजे उदास, खिन्न. मराठीत मात्र ‘दिलगिरी व्यक्त करणे’ म्हणजे आपल्या हातून झालेल्या चुकीबद्दल किंवा गैरसोयीबद्दल माफी मागणं. पाणीपुरवठा बंद राहील, दिलगीर आहोत. अंकात चूक छापली, दिलगीर आहोत. इथे कारखान्याने काय चूक केली? पाचांतून एक निवडला. त्यात माफी मागण्यासारखं काही नाही आणि मागितली तर वाचणाऱ्याला वाटतं, आपल्यावर काहीतरी अन्याय झालाय खास. ‘क्षमस्व’चंही तेच. ‘खेद’ निदान नुसतं वाईट वाटणं आहे. पण तोही एकदाच, आणि खरंच वाटत असेल तर. नसला तरी पत्र उद्धट होत नाही.

‘खेदपत्र’ कुणी म्हणत नाही. नाव आतल्या फाइलीपुरतंच लागतं, तिथे ‘निवड न झाल्याचे पत्र’ चालेल. उमेदवाराला जाणाऱ्या मेलच्या विषयात मात्र ‘लेखा सहायक पदाच्या मुलाखतीचा निकाल’ एवढंच लिहा.

आता मुख्य मुद्दा. ‘तूर्तास’ही नको, ‘सध्या’ही नको. दोन्ही काळाचे शब्द आहेत. ‘दुकान सध्या बंद आहे’ वाचणारा पुढच्या आठवड्यात पुन्हा फेरी मारतो. जागा एक होती आणि ती भरली, मग ‘सध्या’ कशाचं?

‘होऊ शकली नाही’ तर त्याहून फसवं आहे. ‘पावसामुळे येऊ शकलो नाही’ म्हणजे यायचं होतं, काहीतरी आडवं आलं. ‘निवड होऊ शकली नाही’ म्हटलं की उमेदवार विचारणारच : काय आडवं आलं? ते दूर झालं तर होईल का? तुम्हाला निवड करता येत होती, तुम्ही दुसऱ्याची केलीत. तेवढंच लिहा : “या पदासाठी तुमची निवड झाली नाही, आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे.” यातला दुसरा भाग गाळू नका. नुसत्या नकारावर मनात शंका राहते. जागा भरली हे कळलं की राहत नाही.

पाटीपेन्सिल
‘आम्ही आपली निवड केलेली नाही’ असं कर्तरी का नको? निर्णय घेतलाय तर अंगावर घ्यावा.

तळटीप
तत्त्व मान्य. पण ते वाक्य मोठ्याने वाचून बघा. ‘आम्ही आपले पैसे दिले’ यात पैसे कोणाचे? आमचेच. मराठीत ‘आपला’ कर्त्याकडे वळतो, म्हणून ‘आम्ही आपली निवड केली नाही’ म्हणजे आम्ही स्वतःचीच निवड केली नाही असाही अर्थ निघतो. पत्रात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही असले की हा घोळ होतो. मसुद्यात पुढे ‘आपल्या विभागात’ वगैरे आलं असतं तर विभाग कोणाचा तेही कळलं नसतं. सरळ ‘तुम्ही, तुमची’ वापरा. त्यात आदर कमी होत नाही.

मिरजेकर
विषय निघालाच आहे म्हणून. मला मार्चमध्ये एका ठिकाणाहून ‘तूर्तास’वालाच मेल आला. आता दुसरीकडून होकार आलाय, पगार थोडा कमी आहे. पहिल्यांकडे विचारून घेऊ का?

वसुधा
‘तूर्तास’ असाच टाकलेला असतो हो. माझ्या मसुद्यात मी तसाच टाकला होता. हातातली नोकरी केवळ त्या शब्दासाठी अडवून ठेवू नका.

गजानन_बीड
पण जिल्हा परिषदेच्या भरतीत प्रतीक्षा यादी असतेच की. मग ‘तूर्तास’ बरोबर ठरतो. आणि ज्यांना घेतलं नाही त्यांना स्पष्ट ‘अपात्र’ लिहावं, म्हणजे गोंधळ नको.

तळटीप
गजाननराव, सरकारी भरतीत यादी लागते, तिला क्रमांक असतो, मुदत असते. तिथे प्रतीक्षा म्हणजे ठरलेली गोष्ट. वसुधाताईंकडे तशी यादी नाही.

आणि ‘अपात्र’ तर अजिबात नको. तुमच्याच सरकारी भाषेत पात्र-अपात्र कागदपत्रांच्या छाननीत ठरतं : शिक्षण, वय, अनुभवाची अट. मुलाखतीला बोलावलं म्हणजे माणूस पात्र होताच. त्याला आता अपात्र म्हणणं तथ्यालाच धरून नाही. ‘आपल्यापेक्षा अधिक पात्र उमेदवार मिळाला’ हेही त्याच कारणाने बिघडतं, वर डिवचणारं. ‘अयशस्वी’ परीक्षेला ठीक. ‘नाकारणे’ वस्तूला किंवा अर्जाला लावावं, माणसाला लावलं की बोचतं.

वसुधा
प्रतीक्षेवरून खरी अडचण सांगते. ज्यांना घेतलं त्यांनी होकार दिलाय, पण त्यांची नोटीस ६० दिवसांची आहे. ते आयत्या वेळी आलेच नाहीत तर? दुसऱ्या क्रमांकाच्या बाई चांगल्या होत्या. म्हणून साहेबांना ‘तूर्तास’ हवाय.

तळटीप
म्हणजे ‘तूर्तास’ त्या बाईंसाठी नाही, साहेबांच्या सोयीसाठी आहे. दोन प्रामाणिक वाटा आहेत. पहिल्याचा लेखी होकार अजून यायचा असेल तर फक्त त्या बाईंना वेगळं कळवा : “आम्ही दुसऱ्या उमेदवाराला विचारले आहे. त्यांचे उत्तर काहीही आले तरी १८ जूनपर्यंत तुम्हाला कळवू.” आणि १८ तारखेला खरंच कळवा. लेखी होकार आला असेल तर सगळ्यांना सरळ निकालाचं पत्र पाठवा, रुजू होईपर्यंत दोन महिने टांगून ठेवू नका. पुढे ते आलेच नाहीत तर बाईंना फोन करून ‘जागा पुन्हा रिकामी झाली आहे, तुम्हाला विचार करायचा आहे का?’ विचारता येतं. ‘निवड झाली नाही’ लिहिल्याने तो फोन बंद होत नाही. आधी वचन दिलं नव्हतं म्हणून तो उलट नीट ऐकला जातो.

‘संग्रही ठेवू’चंही तसंच. पुढची जागा निघाली की जुने बायोडाटा कोणी उघडतं का? उघडत असाल तर किती महिने ठेवता ते लिहा. नसाल तर वाक्य काढा.

पाटीपेन्सिल
मासिकं ‘साभार परत’ लिहायची. दोन शब्द, एकही वचन नाही. आणि ‘उज्ज्वल भवितव्य’ दहावीच्या सत्कारात शोभतं. पाचांतला एखादा उमेदवार पंचेचाळिशीचा असला तर?

वसुधा
आहे एक! काढते. पण साभार परत फार कोरडं. कारण तरी द्यावं ना?

तळटीप
एक द्या, कामाचं, आणि जे मुलाखतीत बोलणं झालं त्यातलंच. ‘स्पर्धा तीव्र होती’ किंवा ‘आमच्या गरजांशी जुळले नाही’ याला कारण म्हणत नाहीत. आणि चौघांना एकच कारण चिकटवू नका. ज्याच्याबाबतीत नेमकं सांगता येत नाही, त्याच्या पत्रात कारण नको.

वसुधा
दुसऱ्या बाईंना जीएसटीचे परतावे स्वतः भरायचा अनुभव नव्हता, तेच निर्णायक ठरलं. जाहिरातीतही ती अट ‘प्राधान्य’ म्हणून होती. असं लिहिलं :

“नमस्कार. लेखा सहायक पदासाठी तुमची निवड झाली नाही. आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. या कामात जीएसटीची विवरणपत्रे पहिल्या महिन्यापासून स्वतः भरायची आहेत, त्यामुळे तो अनुभव आम्ही निर्णायक धरला. ६ जूनला मुलाखतीसाठी चाकणला आलात, त्याबद्दल आभार. मुलाखतीबद्दल काही विचारायचे असल्यास ३० जूनपर्यंत याच मेलला उत्तर द्यावे.”

(आधी इथेही ‘परतावे’ लिहिलं होतं. परतावा म्हणजे सरकारकडून परत मिळालेले पैसे, भरतो ते विवरणपत्र. वेळेत लक्षात आलं.)

तळटीप
हे जमलं. निकाल पहिल्या वाक्यात आणलात ते बरं केलंत. मोबाइलवर मेलची पहिली ओळच दिसते. तिथे ‘चर्चा अत्यंत फलदायी ठरली’ असतं तर मेल उघडेपर्यंत माणसाने घरी सांगूनही टाकलं असतं. शेवटचं वाक्य मात्र उत्तर देणारं कोणी असेल तरच ठेवा, कारण तेही वचनच आहे.

गजानन_बीड
‘झाली नाही’पेक्षा ‘झालेली नाही’ जास्त औपचारिक वाटतं मला.

पाटीपेन्सिल
औपचारिक खरं, पण ‘झालेली नाही’त मला ‘अजून’ ऐकू येतो. बिल मंजूर झालेलं नाही, म्हणजे होईल.

तळटीप
मला तसं वाटत नाही. ‘अजून’ दोन्हीला लागतो, आणि कार्यालयीन मराठीत ‘झालेली नाही’ अंतिम निकालालाही सर्रास लिहितात. पुढे ‘दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे’ आहे तोवर कोणतंही घ्या.

कोकणकडा
मेल सगळं ठीक, पण मुलाखतीला प्रत्यक्ष आलेल्या माणसाला फोन करावा. आपल्याकडे ‘कळवतो’ म्हणून न कळवणं हाच नकार झालाय, निदान आवाज तरी ऐकू द्या.

वसुधा
फोनवर मी ‘कशा आहात, वेळ आहे का?’ करत बसणार आणि समोरच्याला वाटणार, झालं काम.

कोकणकडा
मग नाव सांगून लगेच : ‘निवड झाली नाही हे सांगायला फोन केलाय.’

पाटीपेन्सिल
आणि ती बाई तेव्हा सध्याच्या ऑफिसात साहेबांसमोर बसलेली असली तर? मेल निदान आपल्या सवडीने उघडता येतो.

कोकणकडा
साडेसहानंतर करा.

वसुधा
चौघांना मेल आज जातोय. दुसऱ्या बाईंना फोनही करायचा का, ते साहेबांना विचारते.